नियम व अटी लागू, गुरुजी हजर

बोरीत पत्रिका जुळवायला महाराज आहेत, जनावराचे दात बघायला जाणकार आहेत आणि ऑफर वाचायला मी आहे. हे पद मला कुणी दिलेलं नाही, ते नोकरीतून आलं. ज्या माणसानं खिचडीच्या तांदळाची परिपत्रकं उभी हयात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, त्याला जाहिरातीच्या पायथ्याचं मुंगीएवढं अक्षर काय घाबरवणार? दिवाळी तोंडावर आली, सोयाबीनचे पैसे खात्यात पडले की आमच्या ओट्यावर मोबाइल घेऊन माणसं यायला लागतात.

यंदा पहिले आले शेजारचे आबा. हातात परभणीच्या दुकानाची रंगीत जाहिरात.

"गुरुजी, दहा टक्के द्यायलेत म्हणं. चोवीस हजाराचा टीव्ही हाय. म्हंजी चोवीसशे सुटले ना?"

"आबा, कागद उलटा करा."

आबांनी कागद उलटा केला आणि लांब धरला. मागं लिहिलं होतं: किमान खरेदी ५,००० रुपये, कमाल सवलत १,५०० रुपये, एका कार्डावर एकदाच, अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावरच. पुढच्या बाजूला दहाचा आकडा वीतभर होता. मागचा दीड हजार तीळ सांडल्यासारखा.

ऑफर नेहमी मागून पुढं वाचावी, ही माझी पद्धत. आधी कमाल सवलत बघायची आणि तिला टक्क्यांनी भागायचं. दीड हजार हे पंधरा हजारांचे दहा टक्के. म्हणजे पंधरा हजारांपर्यंतच दहा टक्के खरे. त्यापुढं तुम्ही चोवीस हजारांचा टीव्ही घ्या की साठ हजारांचा, सुटणार दीड हजारच. चोवीस हजारांवर ते सव्वासहा टक्के होतात आणि साठ हजारांवर अडीच. जितका टीव्ही मोठा, तितके टक्के बारीक.

"आन् मिक्सर?" आबा म्हणाले. "साडेतीन हजाराचा हाय."

इथं खरी गंमत आहे. मिक्सर टीव्हीच्याच बिलात घातला तर कमाल मर्यादा आधीच भरलेली, त्यामुळं त्याच्यावर एक पैसा सुटत नाही. जावयाच्या कार्डावर वेगळं बिल केलं तर पाच हजारांची किमान अट आडवी येते. ती गाठायला आणखी दीड हजारांचं काहीतरी घ्यावं लागतं. दुकानदार तयारच असतो, तो लगेच इस्त्री पुढं करतो. मग पाच हजारांवर पाचशे सुटतात आणि पाचशे वाचवायला दीड हजारांची इस्त्री घरी येते. आबांचा आयुष्यभराचा पोशाख धोतर. ते त्यांनी गादीखाली घडी घालूनच कडक ठेवलंय.

आणखी एक मी त्यांना विचारून घ्यायला सांगितलं. हे पैसे बिलातच कमी होणार की नंतर खात्यात येणार? बिलात वजा होते ती सवलत, तिचा हिशेब दुकानातच मिटतो. कॅशबॅक मात्र कधी आठवड्यानं येतो, तर कधी कार्डाच्या अटींत 'नव्वद दिवसांच्या आत' असं लिहिलेलं असतं. म्हणजे दिवाळीचा कॅशबॅक संक्रांतीच्या तिळगुळाला. आणि तोवर वस्तू परत केली तर तोही परत जातो.

किराणा दुकानातल्या कॅशबॅकची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या मंडळींच्या मोबाइलवर एका ॲपची ऑफर आली होती: दुकानाचा क्यूआर स्कॅन करून किमान २०० रुपये द्या, दहा टक्के परत, कमाल २५ रुपये, दिवसातून एकदा. मागून पुढं वाचलं की कळतं, अडीचशेचं बिल हे या ऑफरचं नेमकं माप. हजाराचा फराळाचा किराणा एकदम भरला तर पंचवीस मिळतात. चार दिवस अडीचशे-अडीचशेचा भरला तर शंभर. हे मी मंडळींना समजावून सांगितलं आणि आमच्या घरी फराळाचं वेळापत्रक लागलं. सोमवारी बेसन, मंगळवारी रवा आणि डालडा. शंकरपाळ्यांना बुधवारपर्यंत थांबावं लागलं, कारण मंगळवारची मर्यादा संपली होती. दुकानातला डबा रोज संध्याकाळी त्याच सुरात "दोनशे पन्नास रुपये प्राप्त झाले" असं ओरडायचा. दुकानदारानं शेवटी विचारलं, "काकू, घरी उपोषण चालूय का? रोज जरा जरा सामान न्यायलात."

यातही एक खोच आहे. पैसे दुकानाच्या क्यूआरवरच गेले पाहिजेत. त्या दुकानदाराच्या मोबाइल नंबरवर पाठवले तर ॲपच्या लेखी तो दुकानदार नसतो, तुमचा ओळखीतला माणूस असतो, आणि अशा आपसातल्या व्यवहाराला ही ऑफर लागू नसते. आबांच्या नातवानं तसंच केलं आणि रात्रभर स्क्रॅच कार्डाची वाट पाहिली. स्कॅन केल्यावर वर दुकानाचं नाव येतंय की माणसाचं, एवढं बघितलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. रिचार्ज, सोन्याचं नाणं, गिफ्ट कार्ड यांना वगळणारी ओळही अटींत सापडते. आणि शेवटच्या दिवशी रात्री पावणेबाराला नेट घासत बसण्यात अर्थ नाही. अटींत 'यशस्वी व्यवहार' लिहिलेलं असतं. 'प्रलंबित' दाखवणारं चाक बारा वाजून गेले तरी फिरत राहिलं, तर भांडणार कुणाशी?

मी असं पाणी ओतायला लागलो की आबा हमखास लातूरचा दाखला काढतात. "त्या पोरीला नाही का एक कोटी लागले?" लागले, खरं आहे. २५ डिसेंबर २०१६ ला सरकारनं लकी ग्राहक योजना आणली. लातूरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीनं मोबाइलचा १,५९० रुपयांचा हप्ता रुपे कार्डानं भरला होता, तिला सोडतीत एक कोटीचं बक्षीस लागलं आणि १४ एप्रिल २०१७ ला नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते ते दिलं गेलं. पण आबा, तिथंही अट होतीच: व्यवहार ५० ते ३,००० रुपयांचाच हवा. हप्ता तीन हजारांच्या वर असता तर ती सोडतीतच नसती. शिवाय ती सोडत होती. कॅशबॅक म्हणजे सोडत नव्हे. स्क्रॅच कार्डावर '१,००० रुपयांपर्यंत' लिहिलेलं असतं ते मात्र सोडतीच्याच घराण्यातलं, त्यात 'पुढच्या वेळी नशीब आजमावा' हेही बसतं.

याच मोसमात 'तुम्हाला १,९९९ कॅशबॅक, स्वीकारण्यासाठी पिन टाका' असे मेसेज येतात. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. हे मी ओट्यावर इतक्यांदा सांगितलंय, की आता कुत्रीही उठून जातात.

एवढं सगळं ऐकून आबा परभणीला गेलेच नाहीत. पोराला घेऊन जिंतूरला गेले आणि तोच टीव्ही, तेच मॉडेल, २२,३०० ला घेऊन आले. परभणीत सवलत जाऊन साडेबावीस हजार पडले असते.

"कोणती ऑफर होती?" मी चष्मा काढत विचारलं.

"ऑफर नव्हती. भाव केला."

"काही नियम, अटी?"

"दोन. पैसे आत्ता द्या, आन् चहा घेऊन जा."

मी चष्मा परत डब्यात ठेवला. एवढ्या परिपत्रकाला गुरुजी लागत नाहीत.