पंगतीतला एक सोडून एक

गिरगावातल्या आमच्या चाळीत माझ्या काढ्याचा दबदबा आहे. आलं, मिरी, लवंग, अडुळशाची पानं, गवती चहा आणि एक घटक जो मी मरेपर्यंत सांगणार नाही. सर्दी झाली की माणसं वाटी घेऊन येतात, दोन-तीन दिवसांत नाक मोकळं होतं आणि मी गॅलरीत किंचित छाती काढून उभा राहतो. हात जोडून ‘देवाची कृपा’ असंही म्हणतो, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला देव कोण ते कळावं.

माझा भाचा परळला शिकतो. तो म्हणाला, “मामा, लोक तुमच्याकडे येतात कधी? शिंक आल्या आल्या नाही. तिसऱ्या दिवशी, नाक पार चोंदल्यावर. तिथून सर्दी एकाच दिशेला जाते. तुम्ही नळाचं पाणी पाजलंत तरी जाईल.” कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे ठाऊक असूनही कावळा आपण असलो की फांदी आपल्याच वजनाने तुटली असं वाटतं.

फांदी खरंच कुणामुळे तुटली ते कसं ओळखायचं, यासाठी आता हाफकिनसाहेबांबद्दल सांगतो, आणि ते जरा लांबेल. परळच्या ज्या संस्थेला त्यांचं नाव आहे, तिच्यावरून आपण आयुष्यभर बसने गेलो, आत काय घडलं ते विचारलं नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेले बरेच वाचले. पण भाच्यासारखा कुणीतरी विचारणारच: पुढे कोण आलं? कदाचित धडधाकट, कदाचित स्वतःला जपणारे. ते तसेही वाचले असते तर?

म्हणून पुढच्या वर्षीची उमरखाडीची गोष्ट मला जास्त आवडते. जानेवारी 1898. तुरुंगात प्लेग शिरलेला. कैद्यांना पंगतीत जेवायला बसवावं तसं रांगांत बसवलं आणि एक सोडून एक टोचलं. बस, एवढंच. कोण शूर, कोण भित्रा, कोण अशक्त, हे कुणी निवडलं नाही; बसण्याच्या जागेने निवडलं. जेवण तेच, भिंती त्याच, उंदीर तेच. मध्यंतरी काही सुटून गेले. उरलेल्यांत न टोचलेल्या 127 जणांत 10 जण आजारी पडले, 6 गेले. टोचलेल्या 147 जणांत 3 आजारी पडले, मेला कुणी नाही. संख्या लहान आहेत, नशिबाचा थोडा हात असू शकतो. म्हणूनच हाफकिनसाहेबांनी एकाच तुरुंगावर भिस्त ठेवली नाही.

फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी हाच प्रयोग घराघरांत केला. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांना टोचायचं, निम्म्यांना नाही. चूल एक, हवा एक. टोचलेल्या 71 पैकी 8 आजारी, 3 मृत्यू. न टोचलेल्या 64 पैकी 27 आजारी, 26 मृत्यू. या आकड्यांपाशी मी नेहमी अडखळतो. ते सव्वीस जण कुणाच्या तरी ताटाशेजारी बसणारे होते. लस चालते हे आधीच ठाऊक असतं तर सगळ्यांना टोचली असती. ठाऊक नव्हतं, आणि कळायला ही एकच वाट होती. टोचायची कुणाला हे त्या घरांत ठरलं त्या दिवशी आईने काय केलं असेल, ते कुठल्या तक्त्यात बसत नाही. उमरखाडीच्या कैद्यांनाही कुणी फारसं विचारलं नसणार, याचा राग येतो तो येतोच.

असो. भाच्याने माझ्या काढ्यासाठीही योजना काढली. नाक चोंदलेला जो येईल त्याच्या नावाची चिठ्ठी काढायची: एकाला माझा काढा, एकाला खोटा. खोल्यांनुसार वाटणी नको, कारण जोशीकाकू आपली वाटी शेजारच्या खोलीत पाठवतात आणि मग कोण कुठल्या बाजूचं ते ओळखता येत नाही. पुढे किती दिवसांत नाक मोकळं झालं ते लिहायचं. “आणि ते तुम्ही लिहायचं नाही मामा.” का? मरण कुणालाही मोजता येतं, पण सर्दी ‘बरी वाटणं’ विचारणाऱ्यावर असतं, आणि मी “बरं वाटतंय ना?” असं विचारतो की नाही म्हणायची सोय उरत नाही. तेव्हा वहीत लिहिणाऱ्याला कुणाला कुठला काढा मिळाला हे माहीतच नसावं. पिणाऱ्यालाही नसावं, त्यासाठी खोटा काढा चवीला, वासाला आणि रंगाला अगदी माझ्या काढ्यासारखा असायला हवा.

बायको भांडी घासता घासता म्हणाली, “तेवढा कडू करायला याच औषधांशिवाय दुसरं काय घालणार तुम्ही?”

मी अजून विचार करतोय. तोपर्यंत, माझा काढा चालतोच.