टाइमटेबल सर

आमच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारे चौघे आहेत, पण कॉलेजचं टाइमटेबल बसवणारे एकच. जीवशास्त्राची प्रॅक्टिकल बॅच आणि संस्कृतचा तास एकमेकांवर आपटू न देणं, दर सोमवारी रजा टाकणाऱ्या माणसाला सोमवारी पहिला तास न देणं, ही कामं जूनमध्ये ते एकहाती करतात. म्हणून ते टाइमटेबल सर. वय छत्तीस, राहायला कोथरूडला, घरी आई. लग्न व्हायचंय.

विवाहमंडळात नाव नोंदवून झालं, पत्रिका झेरॉक्स करून झाल्या. मग कुणा भाच्याने फोनमध्ये बंबल आणि हिंज घालून दिलं, आणि ज्यांच्या आयुष्यात ऑफ पिरियडलाही वेळ ठरलेली असते, ते सर बेशिस्त झाले. स्टाफरूममध्ये, पीएमपीच्या थांब्यावर, सुपरव्हिजन करताना टेबलाखाली अंगठा चालूच. एका वेळी अकरा-अकरा जणींशी बोलणं. बोलणं म्हणजे काय, तर ‘जेवण झालं का’, अकरा ठिकाणी.

बिनसलंय हे आम्हाला आधी कळलं, त्यांना उशिरा. प्रोफाइल न वाचताच ते डावीउजवी करू लागले. सुरुवातीचा मेसेज एकदाच लिहून सगळ्यांना चिकटवू लागले. साधं ‘हाय’ आलं तरी ‘हिला दुसरं काही सुचत नाही का’ म्हणून चिडू लागले. कळस झाला तो कुत्र्यावरून. ‘तुमच्या ब्रूनोचा पाय बरा झाला का?’ असं त्यांनी एका बाईंना अगदी जिव्हाळ्यानं विचारलं. बाईंकडे मांजर होती. ब्रूनो दुसरीचा. ज्यांचा ब्रूनो, त्यांना सरांनी मांजरीची चौकशी पाठवली होती. एका संध्याकाळी दोघी गेल्या.

तेव्हा मानसशास्त्राच्या मॅडमनी त्यांना समोर बसवलं. ‘सर, स्किनरची कबुतरं माहितीयेत? दर दहा टोचींना दाणा मिळतो म्हटल्यावर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, असं केलं की ते थांबतच नाही. तुमचा अंगठा बघा.’ टिंडरच्या एका संस्थापकाने, जोनाथन बॅडीनने, आपण स्किनरवरून काही घेतल्याचं मुलाखतीत कबूल केलंय, हेही मॅडमनी सांगितलं. सर दुखावले. कबुतर म्हटल्याचं त्यांना विशेष नव्हतं, वेळापत्रकाशिवाय काही चालू शकतं याचं होतं.

त्या रविवारी त्यांनी फुलस्केप काढला. मंगळवार, गुरुवार रात्री साडेआठ ते आठ पन्नास, फक्त उत्तरं. रविवारी चाळीस मिनिटं, त्यातली पहिली वीस जुन्या संभाषणांना आणि उरलेली नवी प्रोफाइलं पाहायला. नवं-जुनं एकमेकांत मिसळायचं नाही, कारण नवं बघायला लागलं की जुन्याला उत्तर द्यायचं राहतं, हे त्यांचं निरीक्षण. नोटिफिकेशन कायमची बंद. एका वेळी तीन संभाषणं, चौथं नाही. दहा दिवसांत भेट ठरली नाही तर नम्रपणे निरोप. पहिली भेट पाऊण तासाची, चहा किंवा कॉफी, जेवण नाही. हिंजवर फुकटवाल्यांना दिवसाला मोजकेच लाइक मिळतात, याबद्दल लोक कुरकुरतात. सरांना त्यात कंपनीची शिस्त दिसली.

नियम केला म्हणून अंगठा ऐकतो असं नाही. आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे, त्यात ॲपला वेळेची मर्यादा घालता येते आणि ती दिवसागणिक वेगळीही ठेवता येते. पण वेळ संपली की पडद्यावर मर्यादा दुर्लक्षित करण्याचं बटणही येतं. सर ते दाबत. म्हणून त्यांनी चार आकड्यांचा पासकोड घातला, आणि तो आईला घालायला लावला. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आता बुधवारी रात्री दहाला छत्तीस वर्षांचा गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणतो, ‘आई, पंधरा मिनिटं.’ आई विचारतात, ‘कुणी आहे का तसं?’ सर म्हणतात, ‘तसं कुणी नाही, नुसतं बघायचंय.’ ‘मग झोप.’ एवढं परिणामकारक सॉफ्टवेअर अजून कुणी काढलेलं नाही.

वेळापत्रकाला पहिला धक्का बंबलने दिला. तिथे जोडी जुळली की बाईंना पहिलं पाऊल टाकायला चोवीस तास, आणि त्यांनी टाकलं की पुरुषाला उत्तर द्यायला चोवीस तास. सरांची एक जोडी रविवारी रात्री पावणेनऊला जुळली. त्या बाईंनी सोमवारी सकाळी दहाला छान लिहिलं, म्हणजे सरांची मुदत मंगळवारी सकाळी दहापर्यंत. सरांनी ॲप उघडलं मंगळवारी रात्री साडेआठला. साडेदहा तास उशीर. नाव नाही, निरोप नाही, जोडी गेली. सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, मग फुलस्केपवर खाली ‘पुरवणी’ लिहिली: नवी जोडी जुळेल त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी रात्री पाच मिनिटं, फक्त त्याच जोडीसाठी, आईच्या परवानगीने. अर्ज मराठीत चालतो.

माझ्या मते या सगळ्यातलं खरं औषध मिनिटांमध्ये नाही. ते आहे सरांनी सर्वात शेवटी, जवळजवळ नाइलाजाने घातलेल्या ‘मोकळ्या तासा’त. झालं असं, की एका बाईंशी तीन आठवडे बरं चाललं होतं, भेटही झाली होती, आणि एक दिवस त्या गप्प झाल्या. त्याच संध्याकाळी सरांनी दुसरीकडे बोलणं सुरू केलं. त्या बिचारीने लिहिलं, ‘सॉरी, उत्तराला उशीर झाला, ऑडिट चालू होतं.’ सरांनी लिहिलं, ‘असू दे. सगळ्याच असं करतात.’ पहिलीचा राग दुसरीला, आणि तिला ऑडिटखेरीज काही गुन्हा नाही! तेव्हापासून संभाषण संपलं, कुणीही संपवलेलं असो, की त्यानंतर दोन दिवस नवी सुरुवात नाही. भेट होऊन फिसकटलं तर आठवडा. आणि सलग तीन वेळा फिसकटलं तर बंबलवर स्नूझ, म्हणजे प्रोफाइल काही काळ झाकायची सोय. त्यात जुन्या ओळखी पुसल्या जात नाहीत. रागाच्या भरात अकाउंटच काढून टाकायचं, दहा दिवसांनी पुन्हा उघडायचं आणि त्याच चेहऱ्यांना नव्याने ‘हाय’ करायचं, हा पूर्वीचा खेळ बंद झाला.

मोकळ्या दोन दिवसांत सर काय करतात? पहिल्या दिवशी मुलांच्या वह्या तपासतात. दुसऱ्या दिवशी पर्वतीवर जातात आणि धाप लागल्यावर मानसशास्त्राच्या मॅडमना खरं सांगतात: ‘मॅडम, मला ती आवडली नव्हती हो. मला फक्त उत्तर हवं होतं.’ ही ओळ फुलस्केपवर कुठे बसवायची, ते त्यांना अजून जमलेलं नाही.

दोष आहेतच. भेटीला पाऊण तास म्हणजे पाऊणच. एकदा समोरची बाई आपल्या वडिलांच्या आजारपणाविषयी सांगत असताना सरांनी घड्याळ पाहिलं होतं. वेळापत्रक माणसाला थकव्यापासून वाचवतं, माणूसपण मात्र ज्याचं त्याने सांभाळायचं असतं. त्या घड्याळावरून मॅडमनी त्यांना चांगलंच झापलं. आता भेटीत घड्याळ खिशात असतं.

तेव्हा पुण्यात कुणाला मंगळवारी रात्री आठ एकतीसला नीट शुद्धलेखनात मेसेज आला, आणि आठ पन्नासला वाक्य अर्धं सोडून माणूस गायब झाला, तर रागावू नका. गुरुवारी उरलेलं वाक्य येईल.