सही हिरव्याची, काम निळ्याचं

नवी गाडी घरी आली की माणूस आधी सनरूफ उघडून बघतो, मग गाणी लावतो. डॅशबोर्डवरचे दिवे वाचायचं राहून जातं. मग हायवेला लागल्यावर स्टिअरिंगसमोर हेडलाइटचं एक हिरवं चित्र दिसतं, पोटात A. 'अप्पर लागलाय' म्हणून साहेब खूश, किंवा 'डिप्परवर आहे' म्हणून निश्चिंत. दोन्ही समजुती चूक, कारण हा दिवा त्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही.

साधा अप्पर निळा असतो. दिव्याची आकृती आणि तिच्यातून सरळ निघालेल्या आडव्या रेघा. डिप्परच्या हिरव्या चित्रात याच रेघा खाली झुकतात. निळा पेटला म्हणजे या क्षणी समोर अप्पर पडलेला आहे, कोणी लावला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पोटात किंवा बाजूला A अथवा AUTO लिहिलेला दिवा बहुतेक गाड्यांत हिरवा, काहींत पांढरा. तो एवढंच सांगतो की अप्पर लावायचा की काढायचा, हे आता आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा ठरवणार. सरकारी कचेरीतलं मस्टर आठवा: सही असली म्हणजे माणूस खुर्चीत असतोच असं नाही. हिरवा ही सही, निळा हे काम.

पुणे-सोलापूर रस्ता धरा. यवत मागे पडलं, काळोख आहे, वेग सत्तर. हिरवा A आहे आणि कॅमेऱ्याला समोर ना हेडलाइट दिसतो ना टेललाइट, म्हणून निळाही पेटतो. पुढे एक कार दिसली, तिचे लाल दिवे कॅमेऱ्याने टिपले, निळा गेला. हिरवा जागेवरच. ती वळून गेली, निळा परत आला. गावातले खांबावरचे दिवे लागले किंवा वेग ठरावीक मर्यादेखाली आला (ही मर्यादा गाडीगाणिक वेगळी), की निळा पुन्हा जातो. नुसता हिरवा बघून 'बिघडलंय' म्हणत सर्व्हिस सेंटर गाठू नका. बिघाडाला पिवळा दिवा आहे. तो बऱ्याचदा काचेवरच्या चिखलानेही लागतो, फडक्याने पुसून बघा.

आता गंमत दुभाजकाची. मध्ये कण्हेर माजलेली, पलीकडून ट्रक येतोय. त्याचे हेडलाइट झुडपाआड, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी रस्ता मोकळा आणि निळा चालूच. ट्रकवाला मात्र उंच केबिनमध्ये, झुडपाच्या वर. तुमचा सगळा अप्पर त्याच्या डोळ्यात. तो चिडून डिप्पर मारतो आणि तुम्ही म्हणता, 'अहो, ऑटो आहे!' त्याला तुमच्या पोटातला A दिसत नाही.

कॅमेरा माणूस ओळखून लाजत नाही, तो उजेड शोधतो. पायी चाललेल्याकडे दिवा नाही, सायकलवाल्याकडे नाही, म्हणून त्यांच्यासाठी अप्पर खाली येईलच असं नाही. एकच डोळा शाबूत असलेला ट्रॅक्टर समोरून आला, तर तो वाहन आहे की रस्त्याकडेचा बल्ब, यात कॅमेरा गोंधळू शकतो. उलट, चकचकीत पाटीवरून आपलाच उजेड परत आला की समोर कोणी नसताना अप्पर उतरतो. अशा वेळी दांडी हातानेच हलवायची.

आणि खरा घोळ इथेच होतो. बऱ्याच गाड्यांत दांडी हाताने ढकलून अप्पर लावला की कॅमेऱ्याची नेमणूक रद्द होते. A गायब, उरतो नुसता निळा. चालक मात्र त्याच थाटात बसलेला, की समोर कोणी आलं तर गाडी बघून घेईल. गाडी काही बघत नाही आता. निळा आहे आणि A नाही, म्हणजे अप्पर उतरवायची जबाबदारी सर्वस्वी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताची, दांडी असेल तिकडची.

दांडीवरच्या AUTO खुणेचा इथे संबंध लावू नका. ती अंधार पडला की हेडलाइट लावते, सकाळी काढते. अप्पर तिच्या खात्यात येईलच असं नाही. काही गाड्यांत कॅमेऱ्यासाठी दांडी AUTO वर ठेवून वर आणखी एक बटण दाबावं लागतं. ते न दाबताच 'माझ्या गाडीत सगळं ऑटोमॅटिक' सांगणारे बरेच.

महागड्या गाड्यांत तर नवंच. तिथे अप्पर पूर्ण उतरत नाही. हेडलाइटमध्ये बारीक एलईडींची रांग असते आणि समोरच्या गाडीपुरतेच त्यातले काही विझतात. त्यामुळे समोर गाडी असूनही निळा चालू राहू शकतो, आणि तो दोष नसतो. आपल्याकडे तो निळा बघून शेजारी बसलेले काका ओरडणार, 'डिप्पर कर रे!' त्यांना समजावण्यात यवत ते भिगवण सहज निघतं.