चौकट काढली, चांदी फेकली

जुना सोलर पॅनेल भंगारात दिला की आधी काय होतं? पहारीने ॲल्युमिनियमची चौकट उचकटली जाते. मग पाठीमागच्या काळ्या डबीतून निघणारी तांब्याची वायर कापली जाते. या झटापटीत काच तडकते आणि उरलेला भाग दुकानामागच्या ढिगात जातो.

त्या ढिगात चांदी असते.

साधारण 20 किलोचा सिलिकॉन पॅनेल घ्या. त्यातले 14-15 किलो नुसती काच. ॲल्युमिनियम दोनेक किलो, प्लास्टिकही जवळपास तेवढंच. सिलिकॉन किलोभरसुद्धा नाही. निळ्या-काळ्या चौकोनांवर केसासारख्या बारीक रेषा दिसतात ना? त्या चांदीच्या. सगळी गोळा केली तर दहा ग्रॅमच्या आसपास.

वजनात नगण्य, पण पॅनेलमधल्या मालाच्या किमतीत तिचा वाटा जवळजवळ निम्मा.

मग ती कुणी काढत का नाही? कारण तिच्यावर आणि खाली ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा थर असतो. पाणी आत जाऊ नये, पंचवीस वर्षं ऊन-पाऊस सोसावा, म्हणून काच आणि सिलिकॉन या थराने कायमचे चिकटवलेले असतात.

जे टिकावं म्हणून बनवलं, तेच सुटत नाही.

सोपा मार्ग म्हणजे सगळं यंत्रात घालून चुरा करायचा. काच निघते, पण तिच्यात सिलिकॉन आणि प्लास्टिकचे कण मिसळलेले. त्यात सोलरच्या काचेत बहुधा अँटिमनी असतं, म्हणून खिडक्यांची काच बनवणारे ती घ्यायला नाखूश. शेवटी ती भराव म्हणून वापरली जाते आणि चांदी त्या भरावातच गाडली जाते.

तरी कागदावर मात्र ‘ऐंशी टक्के रिसायकल’!

यात खोटं काही नाही. युरोपीय संघाचा नियमच वजनावर आहे. पॅनेलच्या वजनाच्या 80 टक्के मालाचा पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण झालं की काम भागलं. चौकट आणि काच मिळूनच तेवढं वजन भरतं. चांदीला हात न लावता परीक्षा पास!

आपण हाच पेपर कॉपी करायचा का?

चांगले मार्ग आता निघालेत. जपानच्या ‘एनपीसी’ कंपनीचं यंत्र सुमारे 300 अंशांपर्यंत तापवलेल्या पात्याने काच आणि सिलिकॉनचा थर वेगळा करतं. काच अखंड निघते. पण पॅनेल फुटलेला आला, तर हा फायदा तिथेच संपला. फ्रान्समध्ये ‘रोझी’ कंपनीने ला म्युर इथे 2023 मध्ये कारखाना सुरू केला. तिथे भट्टीत तापवून प्लास्टिक काढून टाकतात, मग रासायनिक प्रक्रियेने चांदी आणि सिलिकॉन सोडवतात.

भट्टी म्हणजे उघड्यावरची शेकोटी नव्हे. पॅनेलच्या पाठीच्या प्लास्टिक थरात अनेकदा फ्लोरिन असतं. तो उघड्यावर जाळला तर विषारी वायू निघतो, आणि तो आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो.

आता आपल्याकडे या. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि सोलर पॅनेल त्यात आले. उत्पादकाने नोंदणी करावी, विवरण भरावं आणि पॅनेलचा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवावा.

साठवून ठेवावा! किती माल परत काढायचा, याचं लक्ष्य नाही.

कचरा तोवर थांबणार आहे का? पॅनेल पंचवीस वर्षांनीच मरतो, हा गैरसमज आहे. काही वाहतुकीत तडकतात, काही बसवताना, काही गारपिटीत. ‘सीईईडब्ल्यू’ या संस्थेचा 2024 चा अंदाज सांगतो, की 2030 पर्यंत देशात सोलर पॅनेलचा सुमारे सहा लाख टन कचरा साठेल.

याच संस्थेच्या 2025 च्या हिशेबाने रीतसर पुनर्चक्रण करणाऱ्याला टनामागे 10 ते 12 हजार रुपये तोटा होतो. सर्वांत मोठा खर्च जुना पॅनेल विकत घेण्याचा. कारण समोर भंगारवाला उभा असतो आणि त्याला फक्त चौकट हवी असते. उरलेल्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्याच्या वहीत नाही.

दोष त्याचा नाही, पोट भरतोय बिचारा. दोष आहे त्या नियमाचा, ज्याने पॅनेल विकणाऱ्याला मोकळं सोडलं.

म्हणून लक्ष्य आत्ताच ठरवा आणि ते वजनावर नको. चांदी किती, सिलिकॉन किती, स्वच्छ काच किती, ते वेगवेगळं विचारा. तोट्याची भरपाई पॅनेल विकणाऱ्याकडून घ्या.

आणि छतावर पॅनेल बसवणाऱ्यांनो, करारावर सही करण्याआधी एक ओळ लिहून मागा, ‘खराब पॅनेल कंपनी परत नेईल.’ पाठीमागचं सीरियल नंबरचं लेबल जपा. पॅनेल बिघडला तर अखंड ठेवा, चौकट काढू देऊ नका.

चौकटीचे चार पैसे आज मिळतील. पॅनेल एकदा फुटला, की चांदीचा रस्ता अवघड.