शिबिराची तारीख आणि वासराचं वय

लाळ्या खुरकुताचं लसीकरण शिबिर गावात सहा महिन्यांनी येतं. मोठ्या गायीम्हशींना ते पुरतं, वासराला पुरत नाही.

दोन गायी, एक म्हैस आणि १० जानेवारीला जन्मलेली कालवड असा गोठा धरा. शिबिर मार्चमध्ये येतं. कालवड दोन महिन्यांची, म्हणून तिला वगळतात आणि ते बरोबरच आहे, कारण पहिली लस चार महिने पुरे झाल्यावर द्यायची असते. पण पुढचं शिबिर थेट सप्टेंबरात. तोवर ती आठ महिन्यांची होते आणि अख्खा पावसाळा लशीविना काढते. सप्टेंबरात एक टोचणी मिळाली, तरी महिन्याभरानं द्यायचा बूस्टर राहतोच, कारण ऑक्टोबरात कोणी येत नाही. बूस्टरशिवाय पहिल्या लशीचा जोर लवकर ओसरतो. बिल्ला कानात असतो, नोंद कागदावर असते आणि तोंडाला फोड येऊन लाळ गळायला लागते.

या कालवडीचं खरं वेळापत्रक असं: १० मेला लाळ्या खुरकुताची पहिली लस, १० जूनला बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. मधल्या मोकळ्या दिवसांत, मेअखेरीस, लम्पीची लस, ती दरवर्षी. डास, गोमाशा नि गोचीड वाढण्याआधी ती झालेली बरी. घटसर्पाची लस सहा महिने पुरे झाल्यावर, म्हणजे १० जुलैला. पाऊस सुरू झाला म्हणून ती सोडायची नाही.

मोठ्या जनावरांना मात्र घटसर्पाची लस मे महिन्यातच द्या. लशीला अंगात जोर धरायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हशीला हा रोग जास्त झोंबतो: सणकून ताप, गळ्याखाली सूज, श्वासाची घरघर आणि बऱ्याचदा दिवसभरात खेळ खलास. सूज दिसल्यावर लस मागू नका, तेव्हा लगेच उपचारच हवेत. तापलेल्या जनावराला लस देतही नाहीत.

आता खरी अडचण. बाटली अनेक डोसांची असते. लम्पीसाठी वापरतात ती शेळ्यांच्या देवीची लस एकदा द्रावात मिसळली की काही तासांत संपवावी लागते. एका कालवडीसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून दवाखान्यात एकट्यानं जाऊ नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत जन्मलेल्या आळीतल्या वासरांची यादी करा, जन्मतारखेसकट, आणि ती एप्रिलमध्येच पशुधन पर्यवेक्षकांच्या हाती द्या. दहा-पंधरा वासरं एका दिवशी एका गोठ्यात आली, तर बाटली वाया जात नाही. त्याच दिवशी बूस्टरची तारीख ठरवून घ्या.

शासनानं शिबिरं दिली, ती चालू राहोत. पण महिन्याभरानं वासरांसाठी दुसरी फेरी झालीच पाहिजे. ग्रामसभेत हे मागा, आणि वासरांची यादी हातात घेऊनच उभे राहा.