डोस संपेपर्यंत कोंडलेलं पिल्लू

‘सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला खाली न्यायचंच नाही.’ सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा हा सल्ला अर्धाच बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत कुत्रं जन्मभर मोजतं. शेवटचा डोस होईपर्यंत पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं होतं. अनोळखी माणसं, आवाज, जागा बिनधास्त आपलीशी करण्याचं त्याचं वय मात्र तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ओसरतं.

हे 1961 सालापासून ठाऊक आहे. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी कॉकर स्पॅनिएल आणि बीगल पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात, माणूस दिसणार नाही अशी वाढवली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात फक्त एक आठवडा माणसांत आणलं आणि परत सोडलं. तीन आठवड्यांची पिल्लं लगेच माणसाकडे धावली. पाचव्या आठवड्यातली आधी बिचकली, पण लवकरच रुळली. पुढे वय वाढलं तसा बिचकण्याचा काळही वाढत गेला. चौदा आठवडे माणूसच न पाहिलेली पिल्लं तर रानटी जनावरासारखी वागली. त्यांतल्या एकाला पुढे तीन महिने हातानं भरवलं, कुरवाळलं, तरी फरक जेमतेम पडला.

आपल्या फ्लॅटमधलं पिल्लू इतकं एकटं नसतं, हे खरं. पण घरातली चार माणसं म्हणजे जग नव्हे. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत येणारे आजोबा, रिक्षा, लिफ्ट, ढोल हे त्याला पहिल्यांदा पाचव्या महिन्यात भेटले, तर पिल्लू भुंकणारच. मग आपण त्याला ‘तापट’ ठरवतो.

पार्व्होची भीती खोटी नाही. तो जीव घेतो. म्हणून पिल्लाला जमिनीवर, भटक्या कुत्र्यांच्या जागेत सोडू नका. पण कडेवर घेऊन गेटपाशी दहा मिनिटं उभं राहायला काय हरकत आहे? पहिल्या डोसनंतर आणि जंताच्या औषधानंतर किमान आठवडाभर थांबून लस झालेल्या निरोगी कुत्र्यांशी स्वच्छ जागी भेट घालावी, असं अमेरिकेतली प्राणीवर्तनाच्या पशुवैद्यांची संघटनाही सांगते.

आणि भेट म्हणजे गर्दीत ढकलणं नव्हे. शेपूट पायांत गेली, ओठ चाटायला लागलं, आवडता खाऊही नाकारला, की पिल्लू घाबरलंय. लगेच लांब न्या. खाऊ परत खाईल इतक्या अंतरावरून जग दाखवा.

दहा आठवड्यांचं पिल्लू घरात असेल, तर आपल्या पशुवैद्यांना विचारून आज संध्याकाळीच त्याला कडेवर घेऊन खाली उतरा.