‘आँ’चा बंदोबस्त: नवशिक्या अनुवादकांसाठी

साहित्य: एक फ्रेंच वाक्य, एक खोडरबर, आणि ‘करून’ हे रूप कोंडून ठेवण्यासाठी कुलूप असलेला डबा. डबा आधी बंद करा, मगच पुढे वाचा.

फ्रेंचमध्ये क्रियापदाला ‘-आँ’ हा अनुनासिक शेवट लावून पुढे ‘आँ’ हा छोटा शब्द ठेवला की ‘झेराँदीफ’ तयार होते. ‘माँझाँ’ म्हणजे खाणारा किंवा खात असलेला, आणि ‘आँ माँझाँ’ म्हणजे... इथे घाईघाईने ‘खाऊन’ लिहिलेत ना? खोडा. ‘इल ली आँ माँझाँ’ या वाक्यातला गृहस्थ एका हाताने जेवतोय आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरून वाचतोय. ‘तो जेवून वाचतो’ असे लिहिलेत की त्याचे ताट उचलले गेले, हात धुऊन झाले, कदाचित सुपारीही झाली. मराठीतले ‘-ऊन’ बहुतेक वेळा आधीचे काम संपवूनच पुढच्याला हात घालते. फ्रेंच रूपाला मात्र दोन्ही कामे एकाच वेळी चालू हवी असतात. म्हणून ‘तो जेवताना वाचतो’.

आता थोडे अवघड. ‘इल ए पार्ती आँ कूराँ’: कुणीतरी धावतच निघाला, बहुधा गाडी चुकू नये म्हणून. इथे ‘आँ’ वेळ सांगत नाही, कसा गेला ते सांगते. त्यामुळे ‘धावताना गेला’ जमत नाही. रीत सांगायला मराठीत ‘-त’ आहे: ‘तो पळत गेला’. पण नवशिके ‘तो पळून गेला’ लिहितात, आणि एका अक्षरासरशी सरळमार्गी माणूस फरारी होतो. पुढच्या पानावर त्याची बायको स्टेशनवर शांतपणे त्याची वाट पाहत उभी असते, तेव्हा वाचक गोंधळतो आणि संपादक फोन करतो. (काही ठिकाणी ‘-ऊन’च रीत सांगते, जसे ‘पोहून नदी पार केली’. त्यासाठी डबा किलकिला करायला हरकत नाही.)

क्रियापद क्षणात संपणारे असेल तर ‘-ताना’ही फसते. पॅरिसला ‘आँ-नारिवाँ’ फोन करीन, असे एक पात्र म्हणते. ‘पोहोचताना फोन करीन’ लिहून पाहा: माणूस पोहोचण्याच्या त्या एका क्षणात अडकून नंबर फिरवतोय असे वाटते. मराठी माणूस ‘पोहोचल्यावर’ करतो, फार काळजीचा असेल तर ‘पोहोचल्या पोहोचल्या’. आणि मेट्रो ‘आँ प्रनाँ’ वेळेवर पोहोचशील, अशा भविष्याच्या वाक्यात तर सगळे कृदंत बाजूला ठेवून सरळ ‘मेट्रोने गेलास तर’ लिहावे. फ्रेंच वाक्यात ‘जर’ नाही म्हणून घाबरू नका. अर्थात अट आहे.

आता खरी परीक्षा. वाक्य असे: ‘मारी आ व्यू पोल आँ सोर्ताँ द ला गार’. मारीने पोलला पाहिले, आणि कुणीतरी स्टेशनातून बाहेर पडत होते. कोण? फ्रेंच व्याकरणाचा नियम असा की ‘आँ’वाल्या रूपाचा कर्ता मुख्य क्रियापदाचाच कर्ता असतो. म्हणजे बाहेर पडत होती ती मारी. ‘आँ’ काढून नुसते ‘सोर्ताँ’ ठेवले तर बाहेर पडणारा पोल. एवढ्याशा शब्दावर दोघांपैकी कोण दारात ते ठरते.

‘-ताना’ असा पक्षपात करत नाही. ‘मारीला पोल स्टेशनातून बाहेर पडताना दिसला’ म्हटले की पोल बाहेर पडतो. हे झाले ‘आँ’शिवायच्या वाक्याचे भाषांतर, म्हणजे तुम्ही पात्रांची अदलाबदल केलीत. ‘स्टेशनातून बाहेर पडताना मारीला पोल दिसला’ हे बरे, कारण ‘बाहेर पडताना’ आता मारीच्या शेजारी आहे. तरीही संशयी वाचक विचारेल, पडत कोण होते? पुढच्या चार ओळींत मारीच्या हातात सामान असेल तर उत्तर आपोआप मिळते आणि वाक्य तसेच ठेवावे. नसेल, किंवा गोष्ट रहस्यकथा असेल आणि खुनाच्या वेळी स्टेशनात कोण होते यावर सगळे अवलंबून असेल, तर कृदंताचा हट्ट सोडा: ‘मारी स्टेशनातून बाहेर पडत होती, तेवढ्यात तिला पोल दिसला.’ वाक्य लांबले, पण ‘बाहेर पडत होती’ या स्त्रीलिंगी क्रियापदाने पोलला आत डोकवायला जागाच ठेवली नाही.

फक्त ‘समोर पोल दिसला’ असे लिहू नका. तो समोर होता, बाकावर होता की टॅक्सीत बसत होता, हे फ्रेंच वाक्याने सांगितलेले नाही.